चित्रकथेतील पात्राचे सातत्य : वर्णनसूत्राची रचना आणि उपयोग

प्रास्ताविक

मागील घटकात आपण चित्रकथेची संहिता चौकटींत कशी विभागावी आणि फुग्यातील संवाद किती ठेवावा, याचा विचार केला. प्रस्तुत घटकात एकाच प्रश्नाकडे पाहावयाचे आहे. पहिल्या चौकटीत आलेले पात्र चौथ्या चौकटीतही तेच आहे, हे वाचकाला नाव न वाचता कसे कळते, आणि त्यासाठी लेखकाने नेमके काय लिहावयाचे असते? चित्र काढणे हे चित्रकाराचे काम असल्याने हा प्रश्नही त्याचाच, असा समज आढळतो. लेखक आणि चित्रकार ही एकच व्यक्ती असेल तर हा समज चालून जातो. परंतु लेखक भाट्ये येथे आणि चित्रकार पुण्यात असेल, तर पात्राचा चेहरा आधी शब्दांतूनच प्रवास करतो. ते शब्द चौकटीगणिक बदलले तर चेहराही बदलतो.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला एक सवय बाजूला ठेवावी लागते. निबंधात वा कथेत एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये, असे आपण शिकलेलो असतो. काव्यशास्त्रात पुनरुक्तीची गणना दोषांत केली जाते. चित्रकथेच्या संहितेत मात्र पात्राचे वर्णन शब्दशः तेच ठेवावे लागते. अशा एकदा ठरवून घेतलेल्या आणि प्रत्येक वेळी जसाच्या तसा उतरवून घ्यावयाच्या वर्णनाला या घटकात आपण ‘वर्णनसूत्र’ म्हणू.

परंपरेतील दाखले

ही कल्पना आपल्याला परकी नाही. देवतेच्या रूपाचे शब्दांत बांधलेले वर्णन म्हणजे ‘ध्यान’. हात किती, कोणत्या हातात कोणते आयुध, वस्त्राचा रंग कोणता, हे ध्यानश्लोकात ठरलेले असते आणि मूर्तिकार त्यावरूनच मूर्ती घडवितो. विठ्ठलाचे रूप संतांनी शेकडो अभंगांतून वर्णिले. पण विटेवर उभे राहणे, कमरेवर हात, गळ्यात तुळशीमाळा आणि कानी मकरकुंडले ही लक्षणे कवीच्या लहरीप्रमाणे पालटली नाहीत. म्हणूनच पंढरपूर कधी न पाहिलेला माणूसही विठ्ठलाचे चित्र ओळखतो.

कोकणातील उदाहरण याहून जवळचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथीची परंपरा जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत सुट्या कागदांवर काढलेल्या प्रसंगचित्रांचा संच असतो. त्याला पोथी म्हणतात. निवेदक एकेक चित्र समोर धरून कथा सांगतो. प्रेक्षकासमोर एका वेळी एकच चित्र असते, मागचे चित्र तोवर दृष्टीआड झालेले असते. आजच्या चित्रपट्टीत निदान चारही चौकटी एकत्र दिसतात. येथे तीही सोय नाही. या चित्रांतील मोठे डोळे व चेहऱ्याची ठेवण पुष्कळशी सारखी असते. मग पात्र ओळखू येते ते मुकुट, आयुधे, अलंकार यांसारख्या ठरलेल्या खुणांवरून. रावणाची दहा तोंडे किंवा मारुतीचे शेपूट ही तर दुरूनही चुकत नाहीत. चेहऱ्याच्या सौंदर्याचे कितीही वर्णन केले तरी जे साधत नाही, ते एका ठळक आकाराने साधते, हे या कलावंतांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

सैल वर्णन आणि त्याचे परिणाम

आता एक उदाहरण सविस्तर सोडवून पाहू. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या मुखावरील पूल ओलांडला की भाट्ये लागते. सुरूचे बन, लांब सरळ किनारा, दक्षिण टोकाला झरी विनायकाचे मंदिर आणि कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र अशी या गावाची ओळख आहे. आपली चार चौकटींची काल्पनिक पट्टी येथील एका माडाच्या बागेत घडते. नारळ पाडणारे वृद्ध पाडेली आणि त्यांची नात अशी दोन पात्रे आहेत. नात खाली उभी राहून पडलेले नारळ मोजते, आजोबा वर मोजतात आणि दोघांचा हिशेब जुळत नाही.

नवख्या लेखकाची संहिता बहुधा अशी असते. पहिल्या चौकटीत “एक वृद्ध पाडेली माडाखाली उभा आहे”. दुसऱ्या चौकटीत “म्हातारबा सरसर वर चढतात, चेहरा उन्हाने रापलेला”. तिसऱ्यात “आजोबांच्या डोळ्यांत वात्सल्य दाटते”. चौथ्यात “तो काटक म्हातारा खळखळून हसतो”. कथा म्हणून ही वाक्ये चांगली आहेत. चित्रकाराला मात्र त्यांतून काय मिळते? ‘वृद्ध’ या शब्दावरून तो पाठीत वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस काढील. ‘सरसर’ या शब्दाने दुसऱ्या चौकटीत त्या माणसाचे दंड भरतील आणि पाठ सरळ होईल. चौथ्या चौकटीत ‘काटक’ वाचून तोच माणूस हडकुळा होईल. शिवाय एकाच माणसाला पाडेली, म्हातारबा, आजोबा आणि म्हातारा अशी चार नावे मिळाल्याने बागेत दोन वृद्ध आहेत की काय, अशी शंका येईल ती निराळीच. ‘वात्सल्य’ हा भाव आहे. त्याने नाक, हनुवटी वा केस यांविषयी काहीच कळत नाही.

तीन थर

वर्णनसूत्र लिहिण्यापूर्वी पात्राविषयीची माहिती तीन थरांत वेगळी करावी. पहिला थर कायमचा : बांधा, प्रमाण, चेहरा, केस. दुसरा थर कथेपुरता : वेश आणि सोबतच्या वस्तू. तिसरा थर त्या चौकटीपुरता : हावभाव, कृती, उभे राहण्याची ढब. पहिले दोन थर सूत्रात येतात; तिसरा कधीही येत नाही. ‘हसरा चेहरा’ असे सूत्रात लिहिले की रडण्याच्या प्रसंगी चित्रकार अडचणीत येतो. त्याऐवजी ‘पुढच्या दोन दातांत फट’ असे लिहिले, तर ती फट हसतानाही दिसते आणि रडतानाही.

या विभागणीनुसार आपल्या दोन पात्रांची सूत्रे अशी होतील :

दाजी : वय सत्तर. सडपातळ, पाठ ताठ. उंची डोक्याच्या सात पट. हात लांब, बोटे गुडघ्यांजवळ पोचणारी. लांबट चेहरा, पुढे आलेली हनुवटी, मिशी-दाढी नाही. टक्कल, दोन्ही कानांवर पांढऱ्या केसांचा एकेक झुपका. बिनबाह्यांचा पांढरा बनियन, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, अनवाणी. कमरेला मागे लाकडी आकडी, तीत कोयता. मूठ दाजींच्या उजव्या हाताकडे.

चंदा : वय आठ. उंची स्वतःच्या डोक्याच्या सहा पट. माथा दाजींच्या काखेशी. गोल चेहरा, पुढच्या दोन दातांत फट. दोन वेण्या, कानांवर वळवून लाल रिबिनीने बांधलेल्या. पिवळा फ्रॉक, पुढे एकच मोठा खिसा. निळ्या रबरी चपला.

यांतील प्रत्येक शब्द पेन्सिलीने काढता येतो, हे लक्षात घ्यावे. वर्णनाचा क्रमही ठरलेला आहे : बांधा, चेहरा, केस, वेश, वस्तू. क्रम कायम ठेवल्याने एखादा तुकडा गळला तर तो लगेच ध्यानात येतो. ‘मिशी-दाढी नाही’ हा नकारही हेतुपूर्वक आहे. कोकणातील वृद्ध म्हटला की चित्रकाराच्या हातून मिशी आपोआप उतरण्याचा संभव असतो. जेथे अशी ठरीव समजूत आड येण्याची भीती असेल तेथे नकार लिहावा. एरवी नकारांची यादी करू नये.

केसांचे झुपके, हनुवटी आणि लांब हात या तीन खुणा निवडण्यामागे कारण आहे. दाजी माडावर चढल्यावर दुरून चेहरा दिसणार नाही. तेव्हा लांब हातांची बाह्याकृती आणि कमरेचा कोयता ओळख पटवील. पाठमोऱ्या चौकटीत झुपके दिसतील. पावसाच्या प्रसंगात डोक्यावर इरले आले तर झुपके झाकले जातील, पण हनुवटी खाली डोकावेल. सगळ्या खुणा चेहऱ्यातच साठवलेले पात्र पाठमोरे होताच अनोळखी होते. सूत्र तपासताना ‘दुरून काय उरते, मागून काय उरते, डोके झाकल्यावर काय उरते’ असे तीन प्रश्न विचारावेत. एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तेथे एक खूण वाढवावी.

प्रमाणाचे गणित

‘उंच’, ‘ठेंगणा’, ‘मध्यम बांध्याचा’ ही विशेषणे तुलनेशिवाय निरर्थक असतात. भारतीय शिल्पशास्त्राने यावर तालमानाचा उपाय योजला. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, म्हणजेच बारा अंगुळे. नवताल मूर्ती एकशे आठ अंगुळांची. गणपतीसारख्या ठेंगण्या रूपाला पंचताल प्रमाण देण्याचा संकेत आहे. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, प्रमाण तेच राहते. आजचे चित्रकार चेहऱ्याऐवजी संपूर्ण डोके हे माप धरतात. प्रौढ माणसाची उंची सुमारे साडेसात डोकी येते. ताल हा हनुवटीपासून कपाळावरील केसांच्या रेषेपर्यंत मोजतात, डोके मात्र माथ्यापर्यंत. म्हणून शिल्पग्रंथातील ‘नऊ’ आणि चित्रकाराचे ‘साडेसात’ यांची सरमिसळ करू नये. आपल्या सूत्रांत डोके हेच माप आहे.

दोन पात्रे असली की प्रत्येकाचे प्रमाण आणि दोघांमधील प्रमाण अशा दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आणि त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. दाजी कागदावर सात सेंटिमीटर उंच काढले तर त्यांचे डोके एक सेंटिमीटरचे होईल. त्यांची काख जमिनीपासून साधारण पाच सेंटिमीटर तीन मिलिमीटरवर येईल. तेवढीच चंदाची उंची. तिला सहाने भागले की तिचे डोके सुमारे नऊ मिलिमीटरचे, म्हणजे आजोबांच्या डोक्याहून किंचित लहान येते. हे स्वाभाविक दिसेल. आता चंदाच्या सूत्रात ‘डोक्याच्या चार पट’ असे लिहिले असते, पण माथा काखेशीच ठेवला असता, तर तिचे डोके तेरा मिलिमीटरचे झाले असते, आजोबांपेक्षा मोठे. विनोदी पट्टीत मुलांची डोकी मोठी काढण्याचा प्रघात आहे आणि तो चांगलाही दिसतो. परंतु मग आजोबांचे प्रमाणही चार-साडेचार पटींवर आणावे लागते. एका चौकटीत वास्तव शैलीतील आजोबा आणि शेजारी विनोदी शैलीतील नात उभी राहिली, तर दोष चित्रकाराकडे जातो. मूळ मात्र संहितेतील न जुळणाऱ्या दोन आकड्यांत असते. म्हणून सूत्र पाठविण्यापूर्वी हा भागाकार लेखकाने स्वतः करून पाहावा.

वेश, रंग आणि डावे-उजवे

वेशाने पात्र किती घट्ट बांधले जाते याचा उत्तम नमुना म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दिसू लागलेला हा माणूस बोलत नाही, कथेत फारसे काही करतही नाही, पण चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि टकलामागचे केस एवढ्यावर तो गर्दीतून ओळखू येतो. या चार वस्तू एका वाक्यात मावतात. चांगल्या सूत्राची लांबी किती असावी, असे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते. त्याच्या वेशात कोट आणि धोतर यांचा जो संयोग आहे, तो विशेषाचे काम करतो. नुसता कोट किंवा नुसते धोतर असते तर तो अनेकांतील एक झाला असता.

सूत्रात एखादी गोष्ट लिहिली नाही तर ती कोणीतरी दुसराच ठरवितो. ली फॉक यांचा ‘फँटम’, मराठी वाचकांचा वेताळ, १९३६ साली कृष्णधवल दैनिक पट्टीत अवतरला. फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा छपाईत तो जांभळा झाला आणि तोच रंग रूढ झाला. इटलीत तो लाल पोशाखात, तर स्वीडनमध्ये निळ्या पोशाखात वावरला. काळ्या-पांढऱ्या पट्टीसाठी लिहितानाही रंग नोंदवावा, तो यासाठीच.

डावे-उजवे हा सर्वांत फसवा भाग आहे. ‘कोयता उजवीकडे’ असे लिहिले तर ते पात्राचे उजवे की वाचकाच्या दृष्टीने उजवे? पात्र समोर पाहत असता या दोन बाजू परस्परविरुद्ध असतात. दाजी वळले की कोयत्याची मूठ एका चौकटीत या हाताकडे, दुसरीत त्या हाताकडे जाते. म्हणून सूत्रात ‘दाजींच्या उजव्या हाताकडे’ असे पात्राचे नाव घालून लिहिले आहे. हीच काळजी साडीचा पदर, शर्टाचा खिसा, गालावरचा तीळ यांविषयी घ्यावी. मुद्दाम एकाच बाजूची खूण द्यावयाची नसेल, तर दोन्ही कानांवरच्या झुपक्यांप्रमाणे सममित खूण निवडणे सोयीचे. हे सांगावयाचे कारण असे की, छपाईच्या मांडणीसाठी चित्र आरशासारखे उलटविले जाते, तेव्हा एकाच बाजूची खूण हमखास चुकते.

संहितेतील वापर

सूत्र तयार झाले की ते संहितेच्या आरंभी एकदा द्यावे आणि प्रत्येक चौकटीत पुन्हा शब्दशः उतरवावे. ‘दाजी, वरीलप्रमाणे’ असे लिहिण्याचा मोह होतो. एकाच बैठकीत चारही चौकटी काढणाऱ्या चित्रकाराला ते चालते. परंतु चौकटी वेगवेगळ्या दिवशी वा वेगवेगळ्या हातांनी काढल्या जाणार असतील, तर वरचे पान समोर असेलच असे नाही. सूत्रानंतर त्या चौकटीपुरता तिसरा थर जोडावा. आपल्या पट्टीची शेवटची चौकट अशी होईल (जागा वाचविण्यासाठी येथे सूत्रांच्या जागी नावांभोवती कंस केले आहेत, प्रत्यक्ष संहितेत तेथे संपूर्ण सूत्र येते) :

चौकट ४. मध्यम अंतर, समोरून. पार्श्वभूमीस माडांचे बुंधे, त्यांमागे सुरूचे बन. [दाजी] माडाखाली उकिडवे बसले आहेत, डाव्या हातात फोडलेले शहाळे, तोंड पुसत आहेत. [चंदा] समोर उभी, एक हात फ्रॉकच्या खिशात, दुसऱ्या हाताने नारळांच्या ढिगाकडे बोट.
चंदा : आजोबा, तुम्ही वीस म्हणालात. खाली तर एकोणीसच आहेत!
दाजी : विसावा माझ्या पोटात गेला गो बायो!

येथे दाजी बसलेले असल्याने ‘माथा काखेशी’ हे प्रमाण दिसणार नाही. चंदा त्यांच्यापेक्षा उंच दिसेल. यावर घाबरून सूत्र बदलू नये. बसलेल्या माणसाची उंची कृतीमुळे कमी झालेली असते, प्रमाण तेच असते. याउलट कथेत वेशच बदलला, उदाहरणार्थ दाजी दुसऱ्या दिवशी लग्नाला निघाले, तर सूत्राचा दुसरा थर तेवढा काढून ‘पांढरा सदरा, धोतर, काळी टोपी’ असा नवा तुकडा बसवावा आणि त्याला ‘दाजी, लग्नाचा वेश’ असे वेगळे नाव द्यावे. पहिल्या थरातील एकही शब्द या वेळी हलवू नये. टोपीने टक्कल झाकले तरी ‘टक्कल’ हा शब्द सूत्रात राहतो, कारण पुढच्या पानावर टोपी निघणार आहे.

सूत्राच्या मर्यादा

शब्दांनी चेहरा पूर्णपणे बांधता येत नाही. ‘पुढे आलेली हनुवटी’ वाचून दोन चित्रकार दोन वेगवेगळ्या हनुवट्या काढतील आणि दोन्ही बरोबर असतील. त्यामुळे सूत्रावरून पहिल्यांदा एक नमुनापत्रक काढून घेतात : पात्र समोरून, बाजूने व मागून, आणि सर्व पात्रे एका जमिनीच्या रेषेवर शेजारीशेजारी. हे पत्रक मान्य झाले की उलट दिशेने काम करावयाचे असते. चित्रकाराने स्वतःहून दिलेले आणि आवडलेले विशेष, समजा दाजींचे जाड कान, सूत्रात लिहून घ्यावेत. तसे न केल्यास ते पुढच्या हातात गळतात. ‘टिंकल’मधील सुप्पांडी १९८३ पासून राम वाईरकर यांच्या रेषेतून वाचकांपुढे आला, पुढे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर त्याचे चित्रण करू लागल्या. वडिलांचा हात जवळून पाहिलेला वारस प्रत्येक पात्राला लाभत नाही. तेथे चित्रे आणि सूत्र एवढेच मागे उरते.

सूत्र पुरेसे आहे की नाही, हे कळण्याचा एक साधा मार्ग आहे. ते पात्र ज्यांनी पाहिलेले नाही अशा दोन व्यक्तींना सूत्र स्वतंत्रपणे वाचावयास द्यावे आणि पेन्सिलीने आकृती काढावयास सांगावे. त्यांची चित्रकला कशी आहे याला महत्त्व नाही. दोन्ही आकृत्यांत जे जुळले ते शब्द पक्के समजावेत. जेथे फरक पडला तेथील शब्द सैल आहे. दोघांनीही एखादा तुकडा वगळला असेल, तर सूत्र लांबले आहे आणि तो तुकडा बहुधा अनावश्यक आहे. मात्र दोघांनी सूत्रात नसलेली एकच गोष्ट काढली, जसे दाजींच्या खांद्यावर पंचा, तर ती वाचकांच्याही मनात असणार. ती स्वीकारावी किंवा नकार लिहून बाहेर ठेवावी.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एखादा व्यवसाय निवडून त्यातील एका काल्पनिक पात्राचे वर्णनसूत्र सुमारे चाळीस शब्दांत लिहा. दुरून, मागून आणि डोके झाकल्यावर कोणती खूण उरते, ते सूत्राखाली नोंदवा.

२. वरील पट्टीच्या पहिल्या तीन चौकटी संपूर्ण सूत्रांसह लिहा. दुसऱ्या चौकटीत दाजी माडाच्या शेंड्याशी आहेत आणि चौकट खालून, चंदाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. या चौकटीत सूत्रातील कोणते तुकडे दिसणार नाहीत आणि तरीही ते का लिहावयाचे, ते चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

३. तिसरे पात्र म्हणून चंदाचा चौदा वर्षांचा भाऊ आणावयाचा आहे. त्याचा माथा दाजींच्या हनुवटीशी येतो, म्हणजे दाजी सात सेंटिमीटर काढल्यास तो सहा सेंटिमीटर होतो. त्याची उंची स्वतःच्या डोक्याच्या किती पट ठेवल्यास त्याचे डोके दाजींपेक्षा मोठे होणार नाही, ते गणित करून दाखवा.